एसी चालू, पिकअप बंद

सदरहून जरीपटक्याला येताना मंगळवारी पूल लागतो. ऑफिस सुटायच्या वेळेला त्या चढावर तुम्ही कधी मागची सीट भरून, एसी फुल करून थांबला असाल, तर आजचा विषय तुमचाच आहे. समोरची बस हलते, आपण क्लच सोडतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि गाडी... विचार करत बसते. मागून हॉर्न, बाजूनं स्कूटीवाली पोरगी ऐटीत पुढे. आपण मात्र एसीच्या गारव्यातही घामाघूम.

माझी गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरवाली छोटी हॅचबॅक. मी तिला पुलावर माफ करून टाकायचो. चार सेकंदांचा तर प्रश्न. पण पूल हा नुसता ट्रेलर होता. पिक्चर गेल्या मे महिन्यात रामटेकला दिसला.

रविवार होता. आई, बाबा आणि मावशी असे तिघं गाडीत. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. कामठी रोडनं निघालो, कन्हान, मनसर, आणि उजवीकडे रामटेक. हायवेवर गाडी एकदम मख्खन. एसी चार नंबरवर, मावशी म्हणते, "जरा कमी कर रे, थंडी वाजून राह्यली." मग गडाचा चढ सुरू झाला. तिसऱ्या गिअरमध्ये मी छान गप्पा मारत चढवत होतो. एका वळणावर समोर जीप हळू झाली, मी पाय काढला, आणि परत दाबला तर गाडीत जीवच नाही. इंजिन घरघरलं, थरथरलं आणि बंद! ब्रेक दाबायच्या आधी गाडी दोन-तीन फूट मागं सरकली. आईची किंकाळी, "अरे, मागं चालली रे गाडी!" मागे एक ट्रॅव्हल्स उभी होती. तिचा ड्रायव्हर जागा नसता, तर हा कॉलम मी कदाचित प्लॅस्टर घालून लिहिला असता.

हँडब्रेक ओढला, एसी बंद केला, पहिला टाकला, क्लचचा जळका वास सोडत कसेबसे वर पोहोचलो. रामाचं दर्शन त्या दिवशी जरा जास्तच मनापासून झालं.

सोमवारी एका मोठ्या वर्कशॉपात गाडी दाखवली. गाडी न चालवताच निदान झालं, "सर, कंप्रेसर जाम होतोय, बदलावा लागेल." इस्टिमेट बघून मला परत एसीची गरज वाटली. म्हटलं, सही करण्याआधी कुणाला तरी विचारू. जरीपटक्याच्या मेन रोडपासून थोडं आत एक गाड्यांचे एसी दुरुस्त करणारे दादा बसतात. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला.

"भाऊ, चढावर गिअर कोणता होता?"

"तिसरा."

"मंग कंप्रेसरनं काय केलं? अर्धी चूक तुमची. उरलेली अर्धी आपण आता पाहू."

तर मंडळी, आधी माझ्या अर्ध्या चुकीबद्दल.

एसीचा कंप्रेसर बॅटरीवर चालतो असा अनेकांचा समज असतो. पेट्रोल गाडीत तसं नसतं. इंजिनच्या एका बाजूला जो रबरी पट्टा फिरत असतो, तोच कंप्रेसरची पुली फिरवतो. एसीचं बटण बंद असलं की पुली नुसतीच फिरते, आतला कंप्रेसर झोपलेला. बटण दाबलं की एक मॅग्नेटिक क्लच चिकटतो. तो बारीक "टक्" आवाज येतो ना, तो त्याचाच. त्या क्षणापासून तुमचं इंजिन दोन नोकऱ्या करायला लागतं. एक चाकं फिरवायची, दुसरी कंप्रेसर फिरवायची.

ही दुसरी नोकरी इतकी जड का? कारण एसी गारवा तयार करत नाही, तो गाडीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये गॅस अगदी थंड, पाच-एक डिग्रीचा असतो. केबिनमधली गरमी तो पिऊन घेतो. आता ही गरमी बाहेरच्या चव्वेचाळीस डिग्रीच्या हवेत टाकायची कशी? थंड वस्तू गरम हवेला उष्णता देत नाही. म्हणून त्या गॅसला दाबून दाबून बाहेरच्या हवेपेक्षा जास्त गरम करावं लागतं, साठ-पासष्ट डिग्रीपर्यंत. मग तो पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, आपली उष्णता सोडतो. हे दाबणं म्हणजेच कंप्रेसरचं काम. टायरमध्ये आपण तीस पीएसआय हवा भरतो. मे महिन्याच्या दुपारी कंप्रेसर गॅसला अडीचशे पीएसआयच्या आसपास दाबत असतो. बाहेर जितकं ऊन, तितकं जास्त दाबावं लागतं. म्हणजे बघा, एसीची गरज सगळ्यात जास्त असते, तेव्हाच तो इंजिनाकडून सगळ्यात जास्त मागतो.

किती मागतो? छोट्या गाडीत, पंखा आणि ब्लोअरला लागणाऱ्या विजेचा अल्टरनेटरवरचा भार धरून, साधारण तीन हॉर्सपॉवर. तुम्ही म्हणाल, बस? माझ्या गाडीच्या ब्रोशरवर तर पासष्टच्या वर लिहिलंय! जुन्या मारुती ८००चं इंजिन ७९६ सीसीचं, सदतीसच्या आसपास हॉर्सपॉवरचं होतं. तिनंसुद्धा एसी लावून कितीतरी घरांना घाट दाखवले. मग माझी का अडकावी?

इथेच तर गंमत आहे. ब्रोशरवरचा आकडा हा सीटीसीसारखा असतो. ऐकायला भारी, हातात येत नाही. ती पासष्ट हॉर्सपॉवर मिळते इंजिन साडेपाच हजारांच्या आसपास आरपीएमवर ओरडत असताना. मी तिसऱ्या गिअरमध्ये अठ्ठावीसच्या स्पीडनं चढत होतो, तेव्हा इंजिन जेमतेम दीड हजारावर होतं. दीड हजारावर असलं इंजिन पूर्ण जोर लावून देऊ शकतं साधारण पंधरा. त्यात चव्वेचाळीस डिग्रीची हवा विरळ असते, म्हणून एक वजा करा. हातात आले चौदा.

आता खर्च बघू. गाडी, चार माणसं आणि डबे मिळून अकराशे किलो. चढ धरू पंधराला एक, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. एवढं वजन अठ्ठावीसच्या स्पीडनं वर चढवायला, टायरचं घर्षण आणि गिअरबॉक्समधली गळती धरून, साधारण दहा हॉर्सपॉवर लागतात. हे घरभाडं. ते चुकवता येत नाही. चौदातून दहा गेले, उरले चार. हे चार म्हणजे पिकअप! पिकअप म्हणजे इंजिनाची ताकद नव्हे, खर्च वजा जाता खिशात उरलेले पैसे. आणि एसीचा ईएमआय आहे तीन.

उरला एक.

त्या एका हॉर्सपॉवरवर गाडी चालत राहते, पण स्पीड जरा पडला की परत वाढत नाही. मी जीपमागे पाय काढला, स्पीड पंचवीस, वीसवर आला. आरपीएम आणखी खाली, इंजिनाची मिळकत आणखी कमी. घरभाडंही थोडं कमी झालं म्हणा, पण मिळकत दीड हजाराच्या खाली भराभर ढासळते आणि इंजिन धक्के खायला लागतं. शेवटी खिसा रिकामा, इंजिन बंद. म्हणजे एसीनं ब्रोशरमधल्या पासष्टपैकी तीन नेले नव्हते, माझ्या शिल्लक चारपैकी तीन नेले होते.

आता हाच हिशेब दुसऱ्या गिअरमध्ये करून बघा. स्पीड तोच, अठ्ठावीस. पण दुसऱ्या गिअरमुळे इंजिन आता बावीसशेवर फिरतंय, आणि तिथे ते गरम हवेची कपात धरूनही साधारण तेवीस हॉर्सपॉवर देऊ शकतं. घरभाडं दहाच. कंप्रेसरही जोरात फिरतो म्हणून त्याचा ईएमआय तीनाचा चार झाला. तरी उरले किती? नऊ! एकाचे नऊ, तेही एसी चालू ठेवून, एक रुपया खर्च न करता.

हे आकडे काही लॅबमधले नाहीत. माझ्यासारख्या गाडीचा कागदावरचा अंदाज आहे. तुमच्या गाडीत एखादा हॉर्सपॉवर इकडेतिकडे होईल. पण गोष्ट बदलत नाही. आपल्याला मात्र वाटतं, इंजिन ओरडलं की त्याला त्रास होतोय, पेट्रोल जातंय, म्हणून वरचा गिअर धरून बसायचं. चढावर उलटं असतं. ओरडणारं इंजिन सुखात असतं, घरघरणारं इंजिन संकटात.

काही वाचक म्हणतील, अहो, हल्लीच्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर असतो, तोच सांभाळतो. बरोबर आहे, पण अर्धवट. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांमध्ये तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की कॉम्प्युटर काही सेकंदांसाठी कंप्रेसर सोडवतो आणि ती ताकद चाकांना मिळते. ओव्हरटेकला ही सोय झकास. पण एक तर ती काही सेकंदांचीच. दुसरं म्हणजे चढावर आपण भीतभीत अर्धाच पाय दाबतो. कॉम्प्युटरला वाटतं, साहेब मजेत आहेत. तो कशाला एसी बंद करेल? जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांमध्ये तर हे काम ड्रायव्हरच्या बोटालाच करावं लागायचं. ट्रक ओलांडायचा असला की आमचे बाबा आधी एसीचं बटण दाबायचे, मग हॉर्न. तेव्हा मला तो कंजूषपणा वाटायचा.

आता दुसरी अर्धी चूक. दादांनी गाडी सावलीत उभी केली, एसी लावला आणि बॉनेट उघडून आधी नुसते बघत राहिले. एसी लागला की पुढच्या जाळीमागचा पंखा फिरायला हवा. माझा फिरत होता. मग त्यांनी जाळीवर बॅटरी मारली. बाहेरून चकाचक दिसणारी जाळी आतून धूळ, मेलेले किडे आणि वाळक्या गवतानं गच्च भरली होती. कामठी रोडची दोन-तीन वर्षं तिथे जमा झाली होती म्हणा ना. कंडेन्सरला हवा मिळाली नाही की गॅस आपली उष्णता सोडू शकत नाही. मग दाब वाढतो आणि कंप्रेसरला तितक्याच गारव्यासाठी जास्त जोर लावावा लागतो. सपाट हायवेवर ऐंशीच्या स्पीडचा वारा हे लपवून टाकतो. चढावर स्पीड पंचवीस, वारा नाही, भरवसा नुसत्या पंख्यावर. म्हणून खोट नेमकी चढावर उघडी पडते.

मग त्यांनी दोन नळ्यांचं मीटर लावलं. जास्त दाबाच्या बाजूचा काटा तीनशे तीसवर! "अडीचशेच्या आसपास पाहिजे होता," दादा म्हणाले, "गॅस कोणी भरला होता?"

मला आठवलं. एप्रिलमध्ये गारवा कमी वाटला म्हणून मी रस्त्यात एका ठिकाणी दहा मिनिटांत "टॉप-अप" करून घेतला होता. भरणाऱ्यानं ना आधीचा गॅस काढला, ना वजन केलं. हात लावून पाइप गार लागला की झालं. आपल्याला वाटतं, गॅस जास्त म्हणजे गारवा जास्त. तसं होत नाही. जास्तीचा गॅस द्रव होऊन कंडेन्सरमध्ये जागा अडवतो, उष्णता सोडायला जागा उरत नाही, दाब चढतो. गारवा तेवढाच किंवा कमीच, इंजिनावरचा बोजा मात्र जास्त. छोट्या गाडीत एकूण गॅस साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम बसतो. त्यामुळे पन्नास-साठ ग्रॅमची चूकही लहान नसते. नेमका आकडा बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो, तो बघून काट्यावर मोजूनच भरायचा असतो.

दादांनी सगळा गॅस मशीननं काढून घेतला, जाळी हलक्या पाण्यानं आतून बाहेर धुतली (जोराच्या प्रेशरनं नाही, नाहीतर तिची नाजूक पानं वाकतात), आणि स्टिकरवर होता तेवढाच गॅस वजन करून भरला. भर दुपारी परत मीटर लावलं, काटा दोनशे पन्नासच्या जरासा वर. कंप्रेसर ठणठणीत होता. त्या इस्टिमेटच्या दहाव्या भागात काम झालं.

निघताना मी विचारलं, "दादा, पण कंप्रेसर खरंच खराब झाला असता तर कळलं कसं असतं?"

ते म्हणाले, "आवाज करते ना बाप्पा तो. एसी लावला का खडखड, नाहीतर पट्टा चिरकते. तुमचा तर गप होता. अन् आधी एसी बंद करून पाहाचं ना."

हे शेवटचं वाक्य कापून बॉनेटवर चिकटवा. गाडी चढत नसली की एकाच चढावर, तेवढ्याच माणसांसह, दोनदा जाऊन बघा. एकदा एसी बंद करून, एकदा चालू ठेवून, दोन्ही वेळा दुसऱ्या गिअरमध्ये. एसी बंद असतानाही गाडी रडत असेल, तर गुन्हेगार दुसरा आहे. एअर फिल्टर बुजलेला असेल, प्लग गेले असतील, ब्रेक घासत असेल. आणि आरपीएम भसाभस वाढतोय पण स्पीड वाढत नाही असं दिसलं, तर क्लच घसरतोय. तिथे एसीवाल्याकडे जाऊन उपयोग नाही. एसी बंद असताना गाडी मस्त आणि चालू केल्यावर थोडी जड, तर ते नॉर्मल आहे. इतक्या छोट्या इंजिनात तेवढं होणारच. पण मागच्या उन्हाळ्यापेक्षा बरीच जड वाटत असेल, तर जाळी, पंखा आणि गॅसचं वजन तपासून घ्या, कंप्रेसरचं इस्टिमेट नंतर.

जूनच्या पहिल्या रविवारी, पाऊस यायच्या आधी, मी मुद्दाम परत रामटेकला गेलो. तेच तिघं सोबत. (मावशीला तयार करायला दोन दिवस लागले.) गडाच्या पायथ्याशीच दुसरा टाकला, चढ लागल्यावर नाही. चढावर मध्येच गिअर बदलायला गेलं की त्या एका सेकंदात कमावलेला स्पीड जातो. एसीचं बटणही पायथ्याशीच बंद केलं, ब्लोअर मात्र चालू ठेवला. कूलिंग कॉइल थंडगार असते, ती पुढची एक-दोन मिनिटं तरी गार हवा देत राहते. त्या वळणाच्या पुढे, चढ जरा कमी झाल्यावर, एसी परत लावला. तोही दुसऱ्या गिअरमध्येच. "टक्" आवाज आला, गाडी किंचित दबली आणि चढत राहिली.

तापमानाच्या काट्यावर मात्र नजर ठेवली होती. तो नेहमीच्या जागेपेक्षा वर सरकला, तर मग हिशेब-बिशेब काही नाही, एसी ताबडतोब बंद. तेव्हा प्रश्न पिकअपचा राहत नाही, इंजिन वाचवायचा असतो.

वर पोहोचल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आम्ही हेच करत होतो. तुम्हाला मीटर लावून कळलं."

आईनं मात्र गाडीतून उतरता उतरता मागचं चाक बघितलं आणि त्याच्यामागे एक दगड लावून ठेवला. पिकअपचा हिशेब तिला पटलाय. माझ्या ड्रायव्हिंगचा अजून नाही.